एनपीव्ही चुकली? कुठे चुकलं ते चुकीचा आकडाच सांगतो: कॅश फ्लो मोडमध्ये या चुका टाळा

कॅल्क्युलेटरच्या कॅश फ्लो मोडवर एनपीव्ही काढायला मिनिटभरही लागत नाही. अडचण अशी की चुकीचं उत्तरही तितक्याच लवकर येतं आणि बरोबर उत्तरासारखंच दिसतं. हाताने सोडवताना वर्ष, रक्कम, गुणक आणि गुणाकार असे रकाने समोर असतात, त्यामुळे गडबड कुठे झाली ते नजरेला पडतं. इथे स्क्रीनवर फक्त एक आकडा असतो. बहुपर्यायी प्रश्न असेल तर आणखी पंचाईत, कारण पर्याय तयार करणाऱ्याला या चुका पाठ असतात. वर्ष सुटलं तर काय उत्तर येईल हे मोजूनच तो एक पर्याय ठेवतो. मग तुम्हाला तुमचं चुकीचं उत्तर पर्यायांमध्ये सापडतं आणि तुम्ही निर्धास्तपणे पुढे जाता.

म्हणून या लेखात एकच गणित घेतलं आहे. त्यात नेहमीच्या चुका मुद्दाम करून पाहू आणि प्रत्येक चुकीला कोणता आकडा येतो ते बघू. आकडा पाहून चूक ओळखता आली तर सगळं पुसून पुन्हा भरावं लागत नाही, नेमकी एक नोंद सुधारली की काम होतं.

आधी एक खुलासा. साध्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरमध्ये, म्हणजे साइन, कॉस, लॉग असलेल्या नेहमीच्या मॉडेलमध्ये, कॅश फ्लो मोड सहसा नसतो. तो असतो फायनान्शियल मॉडेलमध्ये. कॅसिओचा एफसी-२०० व्ही दिसायला सायंटिफिकसारखाच आहे आणि त्यावर `CASH` नावाची कळ आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या बीए टू प्लसवर `CF`, `NPV` आणि `IRR` अशा तीन कळा आहेत. एचपी १२सी वर हेच काम निळ्या आणि सोनेरी कळांच्या जोडीने होतं. सीएफए परीक्षेत बीए टू प्लस आणि एचपी १२सी या दोनच कुळांतले कॅल्क्युलेटर चालतात. त्यामुळे मी मुख्यतः बीए टू प्लस धरून लिहितो आणि बाकीच्या दोघांचं वेगळेपण जिथल्या तिथे सांगतो.

गणित आणि त्याचं बरोबर उत्तर

एका प्रकल्पात आज ५०,००० गुंतवायचे आहेत. पहिल्या वर्षाअखेर १२,००० मिळतात. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी प्रत्येकी १५,००० मिळतात. पाचव्या वर्षी मोठी दुरुस्ती निघते, त्यामुळे निव्वळ काहीच हाती येत नाही. सहाव्या वर्षी कामकाजातून १४,००० आणि यंत्र मोडीत काढून ६,००० मिळतात. सवलतीचा दर १०% आहे.

कॅल्क्युलेटर हातात घेण्याआधी कागदावर एक आडवी रेघ ओढा. तिच्यावर ० ते ६ असे आकडे लिहा आणि प्रत्येकाखाली निव्वळ रक्कम लिहा: −५०,०००, १२,०००, १५,०००, १५,०००, १५,०००, ०, २०,०००. याला दहा-पंधरा सेकंद लागतात आणि घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते. कॅल्क्युलेटरला वर्ष कळत नाही, त्याला फक्त क्रम कळतो. पहिली नोंद म्हणजे आज, दुसरी म्हणजे एका कालावधीनंतर, एवढंच त्याचं ज्ञान. वर्षांचा हिशेब कागदावर पक्का नसेल तर कळा कितीही अचूक दाबल्या तरी उपयोग नाही.

बीए टू प्लसवर नोंदी अशा करायच्या:

```
CF   2nd CLR WORK
50000 +/- ENTER ↓
12000 ENTER ↓ ↓
15000 ENTER ↓ 3 ENTER ↓
0 ENTER ↓ ↓
20000 ENTER
NPV  10 ENTER ↓ CPT
IRR  CPT
```

एनपीव्ही ६,११०.१९ येते आणि आयआरआर १४.१४% येतो.

एचपी १२सी वर हेच असं होतं:

```
f REG
50000 CHS g CFo
12000 g CFj
15000 g CFj   3 g Nj
0 g CFj
20000 g CFj
10 i   f NPV
f IRR
```

एफसी-२०० व्ही वर `CASH` दाबून `I%` ला १० द्या. मग `D.Editor` मध्ये सातही रकमा एकाखाली एक भरा, प्रत्येकीनंतर `EXE` दाबा, `ESC` ने बाहेर या आणि `NPV` वर जाऊन `SOLVE` दाबा. तिथे १५,००० तीन वेळा टाइप करणं थोडं कंटाळवाणं वाटतं, पण त्यामुळे वारंवारितेच्या, म्हणजे एकच रक्कम लागोपाठ किती वेळा येते ते सांगण्याच्या, पुढे येणाऱ्या चुका आपोआप टळतात.

उत्तर लिहिण्याआधीच्या दोन तपासण्या

पहिली तपासणी म्हणजे दर शून्य टाकून पाहणं. `NPV` दाबून `I` मध्ये ० द्या आणि `CPT` करा. दर शून्य असेल तर एनपीव्ही म्हणजे सगळ्या रकमांची साधी बेरीज. आपल्या गणितात आत येणारे ७७,००० आणि बाहेर जाणारे ५०,०००, म्हणून उत्तर २७,००० यायला हवं. एवढी बेरीज कागदावरच्या रेघेखाली तोंडी होते. ती जुळली तर रकमा, चिन्हं आणि वारंवारिता बरोबर भरल्या गेल्यात असं समजायला हरकत नाही.

पण या तपासणीची एक मर्यादा आहे. दर शून्य असताना पैसा पाचव्या वर्षी आला काय किंवा सहाव्या, बेरीज तीच राहते. म्हणजे रक्कम चुकीच्या वर्षात गेली तर ही तपासणी मुकी राहते. त्यासाठी दुसरी तपासणी: `CF` मध्ये जाऊन खाली खाली सरकत सगळ्या `F` ची, म्हणजे वारंवारितांची, बेरीज करा. इथे १ + ३ + १ + १ = ६ येते आणि शेवटची रक्कमही सहाव्या वर्षीच आहे, म्हणजे जुळलं. कॅसिओवर ओळी मोजा. सहा वर्षांसाठी सात ओळी हव्यात, कारण पहिली ओळ आजची असते. एचपी १२सी वर `RCL n` दाबलं की आजची रक्कम सोडून गटांची संख्या दिसते, आपल्या गणितात ४. ती वर्षांची संख्या नाही, हे ध्यानात ठेवून प्रत्येक गटाच्या `Nj` ची बेरीज करायची.

दोन्ही तपासण्या मिळून पंधरा-वीस सेकंद जातात. माझ्या मते प्रत्येक गणिताला त्या कराव्यातच असं नाही. पण ज्या गणितात मध्ये शून्य वर्ष आहे, शेवटी भंगार किंमत आहे किंवा वारंवारिता वापरली आहे, तिथे त्या सोडू नयेत.

१,०६,११०.१९ आलं तर, आणि ५६,११०.१९ आलं तर

हे दोन आकडे ओळखायला सोपे आहेत, पण त्यांतला फरक समजून घेण्यासारखा आहे.

एनपीव्ही १,०६,११०.१९ आली तर बरोबर उत्तरापेक्षा ती नेमकी १,००,००० ने जास्त आहे, म्हणजे गुंतवणुकीच्या दुप्पट. ५०,००० वजा व्हायच्या ऐवजी अधिक झाले. अर्थ सरळ आहे: `+/-` दाबायचं राहिलं. इथे बीए टू प्लसवर आधी आकडा आणि मग `+/-` असा क्रम असतो. वजाबाकीची कळ हे चिन्ह देण्यासाठी नाही. एचपीवर त्या जागी `CHS` आहे. कॅसिओवर मात्र कंसातलं वजाचिन्ह असलेली `(-)` ही वेगळी कळ आकड्याच्या आधी दाबायची असते. मित्राचा कॅल्क्युलेटर मागून घेतला की हात इथेच फसतो.

एनपीव्ही ५६,११०.१९ आली तर फरक नेमका ५०,००० चा आहे. म्हणजे गुंतवणूक धरलीच गेली नाही, `CFo` शून्यच राहिलं. हे होतं `ENTER` विसरल्यामुळे. बीए टू प्लसवर आकडा टाइप केला, चिन्ह दिलं आणि `ENTER` न दाबता थेट `↓` दाबलं, तर तो आकडा साठवला जात नाही. स्क्रीन पुढच्या नोंदीवर जाते, कुठलीही कुरकूर नाही. टाइप करताना आकडा स्क्रीनवर दिसला म्हणून तो आत गेला असं आपण धरून चालतो, पण तो गेलेला नसतो.

दोन्ही वेळी आयआरआर विचारलात तर बीए टू प्लस `Error 5` दाखवतो. सगळ्या रकमा एकाच चिन्हाच्या असतील तर एनपीव्ही शून्य करणारा दर अस्तित्वातच नसतो, म्हणून त्याचं म्हणणं बरोबर आहे. `Error 5` दिसला की कॅल्क्युलेटर बिघडला असं समजून रीसेट करायला धावू नका. `CF` दाबून पहिलीच नोंद बघा, बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं.

शून्य असलेलं वर्ष गाळणं

सगळ्यात महागात पडणारी चूक मला हीच वाटते, कारण तिचं उत्तर पूर्ण विश्वासार्ह दिसतं. पाचव्या वर्षी काहीच नाही, मग भरायचं काय, असा विचार करून चौथ्यानंतर थेट २०,००० भरले जातात. कॅल्क्युलेटरच्या दृष्टीने मग ते पाचव्या वर्षी मिळाले. एनपीव्ही ७,२३९.१४ येते आणि आयआरआर १५.१३%. चिन्ह बरोबर, आकार बरोबर, प्रकल्प स्वीकारावा हा निर्णयही बरोबर. फक्त आकडा चुकलेला. शून्य दराची तपासणीही २७,००० च दाखवते. पकडते ती फक्त `F` ची बेरीज, कारण ती ६ ऐवजी ५ भरते.

यातच एक बारीक गोष्ट आहे. पाचव्या वर्षाच्या नोंदीवर, म्हणजे `C03` वर, पोचल्यावर स्क्रीनवर आधीच ०.०० दिसत असतं. मग ० टाइप कशाला करायचा, असं म्हणून `↓` दाबून पुढे जाण्याचा मोह होतो. पण दिसणारं शून्य आणि भरलेलं शून्य यांत फरक आहे. ० दाबून `ENTER` द्या, मग `↓` दाबून `F03` बघा. तिथे १ दिसला पाहिजे. ० दिसत असेल तर १ टाइप करून `ENTER` करा. वारंवारिता ० म्हणजे ते वर्ष नसल्यातच जमा.

प्रकल्प उशिरा सुरू होतो अशा गणितांतही हेच लागू होतं. पहिली दोन वर्षं उत्पन्न नसेल तर `C01` ला ० आणि `F01` ला २ द्यायचे. आणि प्रश्नात ‘वर्षाच्या सुरुवातीला’ असं म्हटलं असेल तर कॅल्क्युलेटरचं `BGN` सेटिंग कामी येत नाही. ते वार्षिकीच्या कळांसाठी आहे, कॅश फ्लोवर त्याचा काही परिणाम होत नाही. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीची रक्कम म्हणजे दुसऱ्या वर्षाअखेरची रक्कम, एवढा बदल रेघेवर तुम्हीच करायचा.

भंगार किंमत स्वतंत्र नोंदीत भरणं

ही शून्य वर्षाच्या चुकीची जुळी बहीण, फक्त दिशा उलटी. प्रश्नात १४,००० आणि ६,००० वेगवेगळ्या वाक्यांत येतात, म्हणून भरतानाही वेगवेगळे भरले जातात: `C04` मध्ये १४,००० आणि `C05` मध्ये ६,०००. कॅल्क्युलेटर दुसरी रक्कम सातव्या वर्षात ढकलतो. एनपीव्ही ५,८०२.२९ येते, म्हणजे बरोबर उत्तरापेक्षा जेमतेम तीनशेने कमी. अंदाजाने हे कळणं अशक्य आहे. `F` ची बेरीज मात्र ७ येते आणि चूक उघडी पडते.

खेळतं भांडवल परत मिळतं तेव्हाही असंच होतं. सुरुवातीला यंत्र आणि खेळतं भांडवल असे दोन खर्च दिले असतील तर त्यांची बेरीज करून एकच `CFo` भरायचं. एका वर्षाला एकच नोंद, हा नियम मोडला की वेळ सरकते.

वारंवारिता आणि मागच्या गणिताचं उरलंसुरलं

`F02` ला ३ द्यायचे राहिले आणि तिथे १ च राहिला, तर एनपीव्ही −१३,०३३.९५ येते आणि आयआरआर −२.३४%. चांगला प्रकल्प एकदम तोट्यात गेलेला दिसला की आधी हीच शंका घ्या. शून्य दराची तपासणी इथे लगेच बोलते: २७,००० ऐवजी −३,०००. तीस हजारांचा फरक म्हणजे १५,००० च्या दोन नोंदी कमी.

वारंवारिता फक्त लागोपाठच्या सारख्या रकमांना द्यायची असते. दुसऱ्या आणि पाचव्या वर्षी १५,००० असतील आणि मध्ये दुसरं काही असेल, तर दोघांना मिळून `F` ला २ देता येत नाही. दिलात तर दोन्ही रकमा शेजारशेजारच्या वर्षांत जाऊन बसतात.

आता उरलंसुरलं. बीए टू प्लस बंद करून चालू केला तरी कॅश फ्लोच्या नोंदी तशाच राहतात. मागच्या गणितात आठ रकमा होत्या आणि या वेळी पाच भरल्या, तर उरलेल्या तीन रकमा शेपटासारख्या मागे लागून उत्तरात मिसळतात. `CE/C` ने फक्त स्क्रीन साफ होते. `2nd QUIT` ने फक्त बाहेर पडता येतं. `2nd CLR TVM` वार्षिकीच्या कळा साफ करतं, कॅश फ्लोला हात लावत नाही. नोंदी पुसायच्या असतील तर आधी `CF` दाबून आत जायचं आणि तिथे असताना `2nd CLR WORK` दाबायचं. आत न जाता दाबलंत तर या नोंदी पुसल्या जाणार नाहीत. शिवाय दर `NPV` च्या आत वेगळा राहतो, म्हणून प्रत्येक गणिताला `I` नव्याने टाइप करण्याची सवय लावलेली बरी.

एचपी १२सी वर `f REG` सगळंच पुसतं, व्याजाच्या नोंदी आणि साठवलेले आकडेसुद्धा. आधीच्या उपप्रश्नाचं उत्तर एखाद्या मेमरीत ठेवलं असेल तर ते आधी कागदावर उतरवून घ्या.

दराच्या बाबतीतल्या चुका

दर टक्क्यांत द्यायचा, म्हणजे १०% साठी १०. दशांशात ०.१० दिलंत तर कॅल्क्युलेटर तो ०.१% धरतो आणि एनपीव्ही २६,७३३.७२ येते. म्हणजे साध्या बेरजेच्या अगदी जवळ. सहा वर्षांच्या प्रकल्पात १०% दराने सूट देऊनही रक्कम जेमतेम एक टक्क्याने कमी झाली, हे पटण्यासारखं नाही. एनपीव्ही साध्या बेरजेला चिकटलेली दिसली की `I` उघडून बघा.

सहामाही रकमांच्या गणितात वेगळा गोंधळ होतो. कॅश फ्लो मोडला वर्ष कळत नाही, हे वर आलंच आहे, आणि बीए टू प्लसचं `P/Y` सेटिंगही इथे चालत नाही. तुम्ही दर सहा महिन्यांची रक्कम भरली असेल तर दरही सहा महिन्यांचाच द्यायचा. आयआरआर येईल तोही सहामाही. समजा तो ६% आला. प्रश्नात नाममात्र वार्षिक दर मागितला असेल तर १२%, प्रभावी वार्षिक दर मागितला असेल तर १.०६ चा वर्ग वजा १, म्हणजे १२.३६%. स्क्रीनवरचा ६ तसाच उतरवला की गुण गेले, आणि बहुपर्यायी प्रश्नात तो ६ पर्यायांत हमखास असतो.

एचपी १२सी वापरणाऱ्यांसाठी एक सापळा वेगळा आहे. तिथे `f IRR` दाबलं की आलेला आयआरआर `i` मध्ये जाऊन बसतो. म्हणजे आधी आयआरआर काढला आणि मग `f NPV` दाबलं, तर १४.१४% दराने एनपीव्ही निघते, म्हणजे शून्य किंवा शून्याच्या अगदी जवळचा आकडा. एनपीव्ही शून्य आली म्हणून प्रकल्प ना नफा ना तोटा असा निष्कर्ष काढू नका. `10 i` पुन्हा द्या आणि मग `f NPV` दाबा. आधी एनपीव्ही आणि नंतर आयआरआर हा क्रम ठेवला तर हा प्रश्नच येत नाही. बीए टू प्लसवर हे होत नाही, तिथे `NPV` मधला दर `IRR` काढल्याने बदलत नाही.

सगळं बरोबर भरलं, तरी उत्तरसूचीशी जुळत नाही

ही तक्रार मी बरीच ऐकतो. अनेकदा कॅल्क्युलेटरही बरोबर असतो आणि सूचीही. सूचीतलं उत्तर तीन दशांशांच्या गुणकांच्या तक्त्यावरून काढलेलं असतं. आपल्या गणितात १०% चे गुणक ०.९०९, ०.८२६, ०.७५१, ०.६८३ आणि सहाव्या वर्षाचा ०.५६४ घेतले तर आवक १०,९०८ + ३३,९०० + ११,२८० = ५६,०८८ होते आणि एनपीव्ही ६,०८८. कॅल्क्युलेटरचं उत्तर ६,११०.१९. बावीसचा फरक फक्त गुणकांच्या पूर्णांकनाचा आहे. म्हणून फरक किती आहे ते आधी बघा. तो गुंतवणुकीच्या मानाने नगण्य असेल तर नोंदी पुन्हा भरण्यात वेळ घालवू नका. चुकलेल्या वर्षाने किंवा चिन्हाने पडणारा फरक सहसा याहून बराच मोठा असतो.

आयआरआरच्या बाबतीत फरक जास्त दिसतो, कारण लेखी उत्तरात तो दोन दरांमधल्या अंतर्वेशनाने काढतात. १०% ला एनपीव्ही ६,११०.१९ आणि १५% ला −१,१३७.४७ धरून सूत्र लावलं तर आयआरआर १४.२२% येतो, प्रत्यक्षात तो १४.१४% आहे. सुरुवातीला एकदाच खर्च आणि नंतर फक्त आवक अशा प्रकल्पात एनपीव्हीचा आलेख खाली फुगलेला वक्र असतो, आणि अंतर्वेशन त्यावर सरळ रेघ टाकतं. त्यामुळे शून्याच्या दोन बाजूंचे दर घेतले तर अंतर्वेशनाचं उत्तर खऱ्या आयआरआरपेक्षा थोडं जास्तच येतं, आणि दोन दरांमधलं अंतर वाढलं की फरकही वाढतो. तुमच्या लेखी उत्तरात अंतर्वेशन कॅल्क्युलेटरच्या आकड्यापेक्षा कमी आलं, तर मात्र अंतर्वेशनातच कुठेतरी चूक आहे.

लेखी परीक्षेत नुसता कॅल्क्युलेटरचा आकडा लिहून भागत नाही. वर्षवार तक्ता मांडा आणि कॅल्क्युलेटर पडताळणीला वापरा. तसंच बीए टू प्लस मुळात दोनच दशांश दाखवतो. जास्त हवे असतील तर `2nd FORMAT` दाबून `4 ENTER` द्या.

दोन आयआरआर असलेलं गणित

शेवटची अडचण कळांची नाही, गणिताचीच आहे, पण कॅल्क्युलेटर ती झाकून टाकतो. समजा आज −१०,०००, पहिल्या वर्षी २३,००० आणि दुसऱ्या वर्षी जागा पूर्ववत करण्याच्या खर्चामुळे −१३,२००. इथे चिन्ह दोनदा बदलतं. या प्रकल्पाला दोन आयआरआर आहेत, १०% आणि २०%. हाताने पडताळून पाहा: १०% ला २०,९०९.०९ वजा १०,९०९.०९, म्हणजे १०,०००. २०% ला १९,१६६.६७ वजा ९,१६६.६७, म्हणजे पुन्हा १०,०००. कॅल्क्युलेटर मात्र यातला एकच दर दाखवतो, आणि दुसराही आहे अशी सूचना देत नाही. रकमा याहून गुंतागुंतीच्या असतील तर बीए टू प्लस `Error 7` देऊन थांबतो, म्हणजे त्याच्या फेऱ्यांची मर्यादा संपली.

म्हणून भरण्याआधी रेघेवर चिन्हं बघा. चिन्ह एकदाच बदलत असेल तर आयआरआरवर निर्धास्त राहा. एकापेक्षा जास्त वेळा बदलत असेल तर आयआरआर बाजूला ठेवा आणि एनपीव्ही दोन-तीन दरांनी काढा. वरच्या गणितात शून्य दराला −२०० येते, १५% ला १८.९० येते, आणि २०% च्या पुढे ती पुन्हा उणे होते. म्हणजे १०% ते २०% या पट्ट्यातच प्रकल्प फायद्याचा आहे. भांडवलाचा खर्च ८% असेल तर तो नाकारायचा, स्क्रीनवरचा आयआरआर ८% पेक्षा मोठा दिसत असला तरी.